कासवाचं वजन वाढलं कसं?

तीन आठवडे ज्याच्यापुढे कुणी काही खायला ठेवलेलं नाही, अशा एका कासवाचं वजन पाच दिवसांत ९ ग्रॅमनं वाढतं. माझ्या गोष्टीचा कणा हा एवढाच. पण तो सापडायला मला चार खर्डे लागले.

मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी गोष्ट हवी होती. विषय संपादकांनीच दिला होता : वर्गात एक कासव आहे, मुलं सतत भांडतात, सगळे मिळून कासवाची काळजी घेतात आणि भांडण मिटतं. मी दोन तासांत लिहून टाकली. कासव आजारी पडतं, सगळी मुलं रडतात, कासव बरं होतं, मुलं गळ्यात गळे घालतात. बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला वाचायला दिली. ती म्हणाली, "मावशी, कासव आजारी पडलं म्हणून भांडण कसं मिटेल? 'तुझ्यामुळेच आजारी पडलं' असं म्हणून आणखी जोरात भांडतील ना."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी वर्ग ओळखत होते, कासव ओळखत नव्हते, आणि दोघांच्या मध्ये 'काळजी' हा शब्द नुसताच ठेवून दिला होता. काळजी म्हणजे रोज सकाळी नक्की काय करायचं, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण जागेची आली. माझा पहिला खर्डा सांगलीजवळच्या एका शाळेत घडत होता आणि वर्गात पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव होतं. ते मला बदलावं लागलं, कारण आपल्याकडे रानात सापडणारं कासव घरात किंवा शाळेत पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. स्टार कासवाची तर इतकी चोरटी निर्यात होते, की २०१९मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली. माझ्या गोष्टीतल्या प्रेमळ बाईंना पहिल्याच पानावर वनखात्याची नोटीस आली असती. आपली ओळखीची शाळेतली कासवं म्हणजे चित्रातली, सशाबरोबर शर्यत लावणारी, किंवा देवळाच्या सभामंडपात जमिनीत बसवलेली दगडी. जिवंत कासव वर्गात ठेवून वाढवण्याची रीत खरोखर इंग्लंड-अमेरिकेतली. मग मी गोष्ट तिथेच नेली. इंग्लंडमधलं एक छोटं गाव, चौथीचा वर्ग, आठ-नऊ वर्षांची मुलं.

तिथेही सगळं बिनघोर नाही. प्राण्यांसाठी काम करणारी 'आरएसपीसीए' ही तिथली जुनी संस्था शाळांनी वर्गात प्राणी ठेवू नयेत असंच सांगते. गोंगाट असतो, शनिवार-रविवार कुणी नसतं आणि जबाबदारी नेमकी कुणाची हे ठरत नाही. म्हणून कासव शाळेचं न ठेवता वर्गशिक्षिकेचं ठेवलं. मिस हार्परच्या आजोबांनी ते पाळलं होतं. आजोबा गेले, कासव उरलं. कासवांच्या बाबतीत हे नेहमी होतं. दक्षिण युरोपातलं हरमन जातीचं कासव वीतभर लांबीचं असतं, पण सहज पन्नास वर्षं जगतं, कधी त्याहून खूप जास्त. मिस हार्पर शाळेला लागूनच राहते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी चक्कर मारणं तिला जड नाही.

आता भांडण. वर्गात दोन टेबलं आहेत, एक खिडकीजवळचं आणि एक दाराजवळचं. इतिहासाच्या तासाला पुठ्ठ्याचा रोमन किल्ला केला होता, तो एका सोमवारी चेचलेला सापडला. खिडकीवाले म्हणतात दारवाल्यांनी चेचला, दारवाले म्हणतात खिडकीवाल्यांनी. संपादकांनी विचारलं, "शेवटी कळतं ना कोणी मोडला ते?" मी म्हटलं, नाही. वर्गातली बहुतेक भांडणं कधीच निकाली निघत नाहीत. त्यांच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसतं, एवढंच.

कासव वर्गात येतं तेव्हा ऑक्टोबर असतो. खिडकीवाले त्याला 'पेबल' म्हणतात, म्हणजे गोटा. दारवाले 'टँक' म्हणतात. आणि ते कुणाचं जास्त लाडकं, यावरून चढाओढ सुरू होते. कुत्र्याचं पिल्लू असतं तर त्यानं कुणाला तरी निवडलं असतं आणि माझी गोष्ट तिथेच संपली असती. कासव कुणालाही निवडत नाही. निसर्गात हा प्राणी एकटाच राहतो, त्याला सोबतीची गरज नसते. स्वजातीयाचीही नसते, मग आठ वर्षांच्या मुलांची कुठली? एके दिवशी मात्र ते ठाम पावलं टाकत दारवाल्यांच्या ओमारकडे जातं आणि दारवाले विजयाची आरोळी ठोकतात. दुसऱ्या दिवशी खिडकीवाल्यांच्या क्लोईच्या लक्षात येतं की ओमारच्या पायात लाल मोजे होते. लाल-पिवळं काही दिसलं की ही कासवं ते फूल किंवा फळ समजून तिकडे वळतात. तिसऱ्या दिवशी खिडकीचं अख्खं टेबल लाल मोजे घालून येतं. त्या दिवशी सोळा लाल पाय भोवती नाचतात आणि कासव मान आत ओढून घेतं ते दुपारपर्यंत बाहेर काढत नाही.

इथे एक सोपा मोह होता. कासवाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून येणारी धडधड त्याला चांगली कळते. मुलं पाय आपटून भांडतात, कासव आत जातं, मुलं चपापतात, गप्प होतात, भांडण मिटतं. दुसऱ्या खर्ड्यात मी हेच केलं होतं. मग आठवलं, माझ्या लहानपणी आजी झोपलेली असली की आम्ही भावंडं अगदी गप्प व्हायचो. अंगणात जाऊन मारामारी करायचो.

मिस हार्पर मग तेच करते जे कुठलीही शिक्षिका करेल. ती पाळ्या लावते. सोमवार, बुधवार, शुक्रवार खिडकीवाले, मंगळवार, गुरुवार दारवाले. सोमवारच्या हजेरीला कासवाची कोमट पाण्याची अंघोळ, मग वजन, मग पेटीतली ओली माती सारखी करणं, दिवा लावणं. काचेतून येणाऱ्या उन्हात कवच घट्ट राहण्यासाठी लागणारे अतिनील किरण फारसे नसतात, म्हणून हा खास दिवा. त्यानंतर साबणानं हात धुणं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि कासव स्वतः धडधाकट असताना मुलाला जुलाब, ताप येऊ शकतो. अमेरिकेत लहान मुलं चिमुकली कासवं तोंडात घालत असत, त्यामुळे चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५मध्ये तिथे बंदीच घालावी लागली.

पाळ्यांचं हे वेळापत्रक पाहून कुणालाही वाटेल की सगळे मिळून काळजी घेत आहेत. मलाही वाटलं होतं. पण पाळी ही वाटणी असते. भाऊ वेगळे होताना विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात, तेव्हा त्याला कुणी एकोपा म्हणत नाही. दोन टेबलं, दोन वह्या, एका वहीवर 'पेबल', दुसरीवर 'टँक'. एकाच कासवाच्या दोन चरित्रांत एकमेकांचा उल्लेखही नाही.

या ठिकाणी मला मुझफर शेरीफ यांचा प्रयोग आठवला. शेरीफ मूळचे तुर्कस्तानचे, अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ. १९५४च्या उन्हाळ्यात त्यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह या उद्यानात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. त्यांचे दोन गट केले. एकानं स्वतःला 'ईगल्स' म्हणवलं, दुसऱ्यानं 'रॅटलर्स', म्हणजे शेपटी खुळखुळवणारे साप. स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी असं सुरू झालं. मग शेरीफ यांनी दोघांना नुसतं एकत्र आणून पाहिलं. एकत्र जेवण, एकत्र चित्रपट. जेवणाच्या टेबलावर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडू लागला तो शिबिराचं पाणी बंद पडलं तेव्हा. टाकीची तोटी मुद्दाम चोंदवलेली होती आणि एका गटाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

या प्रयोगाबद्दल सांगताना एक बारकावा हटकून गळतो आणि मला नेमका तोच उपयोगी पडला. पाणी सुरू झाल्यावर मुलं खूश झाली खरी, पण त्याच संध्याकाळी जेवताना पुन्हा शिवीगाळ झाली. एका कामानं काही झालं नाही. एकामागून एक अशी बरीच कामं पडली, तेव्हा कुठे धार बोथट झाली. दुसरी बाजूही सांगायला हवी. आदल्याच वर्षी, १९५३मध्ये, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर घेतलं होतं. तिथली मुलं आधीच एकमेकांची मित्र झाली होती. ती भांडेनात, मोठी माणसंच खोड्या काढताहेत असा त्यांना संशय आला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. जिना पेरी यांनी त्या मुलांचा माग काढून २०१८मध्ये एक पुस्तक लिहिलं आहे. तेव्हा शेरीफ यांचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. मला मात्र त्यातून दोन गोष्टी मिळाल्या : काम असं हवं की एका टेबलाला ते एकट्यानं पुरं होणार नाही, आणि ते रोज परत परत पडायला हवं.

असं काम कासवाकडे तयार होतं. त्याची हिवाळी झोप.

थंडीत हरमन कासव महिनोन् महिने निजतं. रानात ते मातीत शिरतं. इंग्लंडमध्ये पूर्वी गवत भरलेल्या खोक्यात ठेवून ते खोकं माळ्यावर टाकत. बीबीसीवरच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात कासवाला असं निजवणं हा दरवर्षीचा सोहळाच होता. (त्या कार्यक्रमाचं पहिलं कासव १९६३मध्ये आलं, तेव्हा त्याचं नाव फ्रेड ठेवलं. मग ती मादी निघाली, फ्रेडा झाली. कासवं माणसांना या बाबतीत नेहमी फसवतात. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या पाद्र्यानं ज्याच्या नोंदी ठेवल्या, तो टिमथीही मादीच होता.) माळ्यावरचं तापमान मात्र आपल्या हातात नसतं. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर कासवाचे डोळे कायमचे जाऊ शकतात, आणि १० अंशांच्या वर ऊब गेली तर ते अर्धवट जागं होऊन साठवलेली चरबी जाळू लागतं. म्हणून आता बरेच लोक चक्क फ्रिज वापरतात. वेगळा फ्रिज, ५ अंशांच्या आसपास, आत खोक्यात कासव आणि हवा बदलावी म्हणून रोज एकदा उघडायचं दार. माझ्या भाचीला गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडलं. "दुधाशेजारी?" तिनं विचारलं. नाही, दुधाशेजारी नाही.

पण निजवण्याआधी एक पथ्य असतं. कासवाचं पोट रिकामं हवं. ते थंड रक्ताचं, म्हणजे बाहेर जेवढी ऊब तेवढंच त्याचं शरीर चालतं. फ्रिजच्या थंडीत पचन बंद पडतं. आतड्यात अन्न राहिलं तर ते पचत नाही, सडतं, आणि झोपेतच कासव मरू शकतं. म्हणून या आकाराच्या कासवाला आधी सुमारे तीन आठवडे उपास घडवतात. पाणी मात्र भरपूर. हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटं बसवलं की ते पितं, शी करतं आणि पोट साफ होत जातं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी उपास सुरू होतो. पहिल्या आठवड्यात खिडकीवाल्यांच्या वहीत आकडे असतात ८४८, ८४७, ८४६. दारवाल्यांच्या वहीत ८४० आणि ८३८. आपापल्या जागी दोन्ही वह्या शहाण्या आहेत : उपास चालू आहे, वजन थोडं थोडं उतरतंय. खिडकीवाल्यांमधली ईशा (तिचे आईवडील पुण्याचे, मला निदान एक तरी ओळखीचं नाव हवं होतं) शुक्रवारी हात पुसता पुसता दारवाल्यांची वही उघडी पाहते आणि ओरडते, "तुम्ही खोटं लिहिलंय!" दारवाले म्हणतात, "खोटं तुम्ही लिहिलंय!" पुठ्ठ्याचा किल्लाही पुन्हा निघतो.

मिस हार्पर न्याय करत नाही. ती फळ्यावर पाच वार लिहिते आणि दोन्ही वह्यांतले आकडे एका ओळीत मांडायला लावते. ८४८, ८४०, ८४७, ८३८, ८४६. मुलं पाहतात. खाली-वर, खाली-वर, झोपाळ्यासारखं. "एखादं कासव एका दिवसाआड बारीक होतं का?" ती विचारते. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग ओमार म्हणतो, "आम्ही वजन करतो आणि मग अंघोळ घालतो." क्लोई म्हणते, "आम्ही आधी अंघोळ घालतो." आठ ग्रॅम म्हणजे प्यालेलं पाणी आणि कवचाला चिकटलेले थेंब. खोटं कुणीच लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या खर्ड्यात मी इथेच सगळ्यांची गट्टी करून टाकली होती. शेरीफ आठवले म्हणून ती काढून टाकली. मुलं एवढंच ठरवतात की यापुढे सगळ्यांनी अंघोळीच्या आधी, कोरडं असताना वजन करायचं, आणि दोघांचे आकडे फळ्याशेजारच्या एकाच कागदावर लिहायचे. बोलणं अजून बंदच आहे.

दुसरा आठवडा : ८३७, ८३६, ८३६, ८३५, ८३५. छान. तिसरा आठवडा : ८३७, ८३९, ८४०, ८४२, ८४४.

फ्रिज आणलेला आहे. पुढच्या सोमवारी कासवाला निजवायचं ठरलं आहे. आणि कागदावरची रेघ वर चढते आहे. ती वेगवेगळ्या वह्यांत असती तर? खिडकीवाल्यांना ८३७, ८४०, ८४४ दिसलं असतं, दारवाल्यांना ८३९ आणि ८४२. कदाचित कळलंही असतं. पण मग सगळ्यांनी लगेच काटा बिघडला म्हटलं असतं किंवा समोरच्या टेबलानं चुकीचं मोजलं म्हटलं असतं. आता तो मार्गही बंद होता, कारण मोजणी सगळ्यांनी मिळून ठरवलेली होती. त्यातच गुरुवारच्या अंघोळीत पाण्यात एक गडद हिरवी, धाग्याधाग्यांची शी तरंगते. अठरा दिवसांच्या उपाशी कासवाच्या पोटात हिरवं काही असायला नको.

शुक्रवारचा प्रसंग मी असा लिहिला आहे :

मिस हार्पर म्हणाली, "काटा बरोबर आहे. मी वाण्याकडून साखरेचा पुडा आणून तपासला." एवढंच बोलून ती खडू शोधायला लागली. खडू तिच्या हातातच होता.

क्लोईनं खिशातून एक पान काढलं. डँडेलियनचं, कातऱ्या कडांचं, जरा सुकलेलं. "रोज एकच," ती म्हणाली. "ते माझ्याकडे बघत होतं." तिनं पान काट्यावर ठेवलं. काट्यानं १ दाखवलं.

"पाच दिवसांची पाच," ईशा म्हणाली. मग ती थांबली. नऊ वजा पाच तिला येत होतं. सगळ्यांनाच येत होतं.

खिडकीच्या टेबलानं दाराच्या टेबलाकडे पाहिलं. कुणी काही म्हणालं नाही. ओमारनं डबा उघडला आणि काकडीची एक चकती काढून पानाशेजारी ठेवली. "दोनच वेळा," तो म्हणाला. काट्यानं ३ दाखवलं.

खऱ्या कासवाच्या शरीरात हिशेब इतका चोख लागत नाही, हे मला माहीत आहे. खाल्लेल्यातलं काही श्वासावाटे जातं, काही शीतून, रोजचं पाणी कमीजास्त होतं. पाच पानं आणि दोन चकत्या मिळून अगदी ९ ग्रॅम हा लेखकानं घेतलेला फायदा आहे. म्हणून पुढच्याच वाक्यात मिस हार्पर मुलांना तसं सांगते : "नशिबानं बेरीज जुळली. जुळली नसती तरी शी होतीच." वजन हा संशय, शी हा पुरावा. कासव पाळणारे लोकही दोन्ही पाहतात, नुसत्या काट्यावर विसंबत नाहीत.

इथे माझ्या मनात बराच खल झाला. लपूनछपून भरवणं ही चूक, पण ती प्रेमातूनच झालेली. कासव भुकेनं पेटीत येरझाऱ्या घालतं आणि दोन्ही टेबलांना ते पाहवत नाही. दोघांना वाटतं की एवढंसं दिल्यानं काय होतंय, आणि दोघांना वाटतं की आपणच एकटे देतोय. दोन बाजूंनी केलेली एकच चूक. मुलांना ती समोरासमोर दिसली की 'तुझ्यामुळे' म्हणायला जागा उरत नाही. भाचीनं पहिल्या दिवशी घेतलेल्या हरकतीचं उत्तर मला इथे मिळालं. आजारी कासवापेक्षा वाढलेल्या वजनाचं कासव गोष्टीला जास्त उपयोगी पडलं, कारण आजाराला एक दोषी शोधता येतो, या ९ ग्रॅमांना दोन टेबलं लागतात.

शिक्षा अशी काही होत नाही. कासवाच्या शरीरानंच ती ठरवलेली असते : उपास पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणजे आणखी तीन आठवडे, म्हणजे फ्रिजचा दिवस येतो तो नेमका नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर. आणि सुट्टीत वर्ग नाही, पाळी नाही, पण फ्रिज चालूच. कुणीतरी रोज दार उघडायला हवं, तापमान पाहायला हवं, आठवड्यातून एकदा वजन करायला हवं. मिस हार्पर दोन दिवस आईकडे जाणार असते. ती जोड्या लावते, आणि यावेळी खिडकीचा एक, दाराचा एक. थर्मामीटर एकानं वाचायचा आणि वहीत दुसऱ्यानं लिहायचं. ही काही तिची भाबडी युक्ती नाही. जिथे आकडा चुकून चालत नाही तिथे वाचणारा आणि लिहिणारा वेगळा ठेवतात, म्हणजे ऐकताना एकदा आणि लिहिताना एकदा चूक पकडली जाते. मुलांच्या पालकांनाही त्यासाठी एकमेकांशी बोलावं लागतं, आणि तो मजेशीर भाग मी चार ओळींत उरकला, कारण ही गोष्ट पालकांची नाही.

वही आता एकच असल्यामुळे मुखपृष्ठावर नाव काय घालायचं, हा तंटा पडतो. पेबल की टँक? मिस हार्पर आजोबांच्या कपाटातून पशुवैद्याचं जुनं कार्ड आणते. त्यावर लिहिलेलं असतं : 'हेन्री. मादी.' मुलं इतकी हसतात की कासव पुन्हा आत जातं. शेवटी वहीवर लिहितात, 'कासव. चौथीचं.'

झोपेचा भाग लिहायला अवघड गेला, कारण तिथे काहीच घडत नाही. आठ आठवडे एक प्राणी अंधारात निजून आहे आणि मुलं त्याच्याजवळ जाऊन एक आकडा लिहून परत येतात. थर्मामीटर ५ दाखवतो, एकदा ४, एकदा ६. निजलेल्या कासवानं शू केली तर ते लगेच उठवावं लागतं, कारण मूत्राशयातलं पाणी हाच त्याचा झोपेतला साठा. म्हणून मुलं खोक्यातला कागद ओला आहे का, हेही बोट लावून पाहतात. कोरडा. वजन महिन्याला साधारण शंभरात एक एवढं उतरतं, दहा टक्क्यांच्या जवळ गेलं तर घात. चौथीच्या मुलांना टक्के अजून शिकवलेले नसतात, ते शिकावे लागतात. पुठ्ठ्याच्या किल्ल्याचा उल्लेख या भागात एकदाच येतो. जेकब म्हणतो, "खोक्याला पुठ्ठा हवाय, किल्ल्याचा उरलाय का?" आणि कुणीतरी बुरूज आणून देतं.

संपादकांना शेवटी कासवानं मुलांकडे पाहून हसावं असं वाटत होतं. कासवाच्या तोंडाला चोच असते, ओठ नसतात. मी वहीतली शेवटची नोंद तशीच ठेवली. फेब्रुवारीतला सोमवार आहे, कासवाला फ्रिजमधून काढून उबेला ठेवलं आहे, ते मान बाहेर काढून कोमट पाणी खूप वेळ पीत बसलं आहे, आणि या खेपेला मुलं घाईघाईत वजन अंघोळीनंतर करतात, त्यामुळे कंसात तसं लिहितातही :

'८२३ ग्रॅम (पाणी प्यायल्यावर). वाचलं : ओमार. लिहिलं : क्लोई. शू केली. काट्यावर.'